टायट्रेशनचं उत्तर ४.०१६ की ४.०२? अनिश्चितता शेवटपर्यंत कशी न्यायची

व्हिनेगरमधल्या अ‍ॅसिटिक आम्लाचं टायट्रेशन झालं, आकडेमोड झाली आणि कॅल्क्युलेटरवर ४.०१६२०३३ आलं. जर्नलमध्ये लिहायचं काय? कोणी दोन दशांश घेतो कारण मागच्या बॅचने दोन घेतले होते, कोणी चार घेतो कारण वजनकाटा चार दाखवतो. खरं तर हा आकडा कुठे तोडायचा हे काचसामान, वजनकाटा आणि तुमचा हात मिळून ठरवतात, आणि ते आकडेमोड करून काढता येतं. त्यासाठी एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहू.

पद्धत नेहमीचीच आहे. सोडियम हायड्रॉक्साइडचं साधारण ०.१ मोलर द्रावण पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत केएचपीने, प्रमाणित करायचं. मग १० मिलि व्हिनेगर पिपेटने घेऊन १०० मिलिच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पातळ करायचं. त्यातले २५ मिलि कोनिकल फ्लास्कमध्ये घेऊन फिनॉल्फ्थॅलिन घालायचं आणि अर्धा मिनिट टिकणारा फिकट गुलाबी रंग येईपर्यंत ब्युरेटमधून अल्कली सोडायचं. काचसामान सगळं ‘ए’ वर्गाचं धरू.

आधी सी.बी.आर.ची सवय सोडा

बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण तीन रीडिंग घेतो आणि ‘सी.बी.आर.’, म्हणजे ‘कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग’, म्हणून एक आकडा लिहितो. ब्युरेटवर ०.१ मिलिचे भाग असतात, म्हणून १६.६, १६.६, १६.६ असं लिहून मोकळे होतो. गुण मिळतात, पण दोन गोष्टी हरवतात. पहिली म्हणजे दुसरा दशांश. मेनिस्कस दोन रेघांच्या मध्ये कुठे आहे याचा डोळ्यांनी अंदाज घेता येतो आणि तो घ्यायचाच असतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: तीन रीडिंगमधला फरक. तुमच्या हाताला किती एकसारखं काम करता येतं याची माहिती फक्त त्या फरकातच असते. तिन्ही आकडे जबरदस्तीने सारखे केले की ती पुसली जाते.

आपली तीन रीडिंग अशी आहेत: १६.६२, १६.५८ आणि १६.६५ मिलि. सरासरी १६.६१६७, प्रमाण विचलन ०.०३५ मिलि. आपण वापरणार आहोत ती सरासरी, म्हणून विचलनाला तीनच्या वर्गमुळाने भागायचं. उरतात ०.०२० मिलि. अल्कलीचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिचा असतो हे लक्षात घेतलं तर हात वाईट नाही.

काचेवरचा ± आकडा जसाच्या तसा वापरायचा नसतो

५० मिलिच्या ‘ए’ वर्गाच्या ब्युरेटला ±०.०५ मिलि मुभा असते. याचा अर्थ बनवणारा सांगतो, ‘चूक याच्या आत आहे.’ ती टोकाची मर्यादा झाली. आपल्याला हवी आहे प्रमाण अनिश्चितता, म्हणजे प्रमाण विचलनाच्या जातीचा आकडा. नाहीतर तीन रीडिंगवरून काढलेल्या ०.०२० शी तिची बेरीज करणं चुकीचं ठरेल.

रूपांतराचे दोन प्रकार आहेत. मर्यादेच्या आत खरी किंमत कुठेही असण्याची शक्यता सारखीच असेल, तर मर्यादेला √३ ने, म्हणजे १.७३ ने भागायचं. याला आयताकृती वितरण म्हणतात. खरी किंमत मधल्या आकड्याजवळ असण्याची शक्यता जास्त आणि टोकाला कमी असेल, तर √६ ने, म्हणजे २.४५ ने भागायचं. हे त्रिकोणी वितरण. चांगल्या उत्पादकाच्या काचसामानाला त्रिकोणी धरण्याची पद्धत रूढ आहे. काच जुनी असेल, बिनप्रमाणपत्राची असेल, तर √३ वापरा. थोडा मोठा आकडा येईल, पण फसवणार नाही.

त्रिकोणी धरून ब्युरेटची प्रमाण अनिश्चितता ०.०५ ÷ २.४५ = ०.०२० मिलि. हाताची आणि ब्युरेटची अनिश्चितता इथे योगायोगाने सारखीच आली आहे.

या टप्प्यावर एक चूक फार होते. काही जण यात मेनिस्कस वाचण्याचे ±०.०२ आणि अंत्यबिंदूचा अर्धा थेंब वेगळे जोडतात. पण वाचण्यातला आणि थेंबातला कमीजास्तपणा तीन रीडिंगच्या फरकात आधीच उतरला आहे. पुन्हा धरला तर एकाच गोष्टीची दोनदा मोजणी होते. ब्युरेटच्या खुणाच जर चुकीच्या जागी असतील, तर मात्र ती चूक तिन्ही रीडिंगमध्ये सारखीच असते आणि फरकात दिसत नाही. म्हणून ती वेगळी धरावी लागते. पुनरावृत्तीत जे बदलतं ते विचलनातून घ्यायचं, जे बदलत नाही ते प्रमाणपत्रातून.

दोनच नियम लागतात

बेरीज-वजाबाकी असेल तर निरपेक्ष अनिश्चिततांचे (ग्रॅम, मिलि) वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. गुणाकार-भागाकार असेल तर हेच सापेक्ष अनिश्चिततांवर, म्हणजे टक्क्यांवर करायचं.

वर्ग का? स्वतंत्र चुका एकाच वेळी एकाच दिशेला पूर्ण ताकदीने येण्याची शक्यता कमी असते. एक वर ओढत असताना दुसरी खाली ओढू शकते. म्हणून ३ टक्के आणि ४ टक्के मिळून ७ न होता ५ टक्के होतात. या नियमाचा एक परिणाम पुढे उपयोगी पडेल: मोठा घटक छोट्याला गिळून टाकतो. १० आणि १ मिळून फक्त १०.०५ होतात.

अल्कलीची सांद्रता

केएचपी वजन करताना बाटलीचं आधीचं आणि नंतरचं वजन घेतलं: १५.२३४७ आणि १४.७२४१ ग्रॅम. फरक ०.५१०६ ग्रॅम. सहा सार्थक अंकांचे दोन आकडे वजा झाले आणि चारच उरले. वजाबाकीत अंक असे उडतात. काट्याची मर्यादा ±०.०००२ ग्रॅम धरली तर √३ ने भागून ०.०००१२, आणि दोन वजनं असल्याने √२ ने गुणून ०.०००१६ ग्रॅम. सापेक्ष: ०.०३२ टक्के. हेच केएचपी ०.१ ग्रॅम घेतलं असतं तर ०.१६ टक्के झालं असतं. अर्धा ग्रॅम घ्या असं पुस्तकं सांगतात ते याचसाठी.

२०४.२२ हा केएचपीचा मोलभार. त्या वजनाला २४.८५ मिलि अल्कली लागलं, म्हणून:

सांद्रता = ०.५१०६ × १००० ÷ (२०४.२२ × २४.८५) = ०.१००६१ मोल प्रति लिटर

वेगवेगळं वजन घेऊन आणखी दोनदा केल्यावर ०.१००६८ आणि ०.१००५७ आले. सरासरी ०.१००६२. तिन्हींच्या फरकावरून सरासरीची अनिश्चितता ०.०३२ टक्के. केएचपीची शुद्धता १०० ± ०.०५ टक्के असेल तर √३ ने भागून ०.०२९ टक्के. ब्युरेटचे ०.०२० मिलि साधारण २५ मिलिवर ०.०८२ टक्के होतात. मोलभाराची अनिश्चितता इतकी लहान आहे की सोडून द्यावी. आम्ल-अल्कली अभिक्रियेतला १:१ हा आकडा तर नेमकाच आहे. त्याला अनिश्चितताही नाही आणि सार्थक अंकांची मर्यादाही नाही.

वर्ग, बेरीज, वर्गमूळ केल्यावर सांद्रतेची अनिश्चितता येते ०.०९८ टक्के, म्हणजे ०.१००६२ ± ०.०००१०. इथे आकडा तोडू नका. ‘तीन सार्थक अंक पुरेत’ म्हणून ०.१०१ घेतलं, तर शेवटचं उत्तर ४.०१६ ऐवजी ४.०३१ येतं. एका गोल करण्याने उत्तर जवळजवळ तेवढंच सरकलं, जेवढी पुढे संपूर्ण प्रयोगाची अनिश्चितता निघणार आहे. मधल्या पायऱ्यांमध्ये दोन जादा अंक ठेवायचे आणि गोल फक्त शेवटी करायचं.

व्हिनेगरपर्यंत

व्हिनेगरमधलं आम्ल, १०० मिलिमध्ये ग्रॅम:

०.१००६२ × १६.६१६७ × १०० ÷ (२५ × १०) × ६०.०५२ ÷ १० = ४.०१६२

यात नुसता गुणाकार-भागाकार आहे, म्हणून सगळं टक्क्यांत. १० मिलि पिपेटची मुभा ±०.०२, २५ मिलिची ±०.०३ आणि १०० मिलि फ्लास्कची ±०.१ मिलि, प्रत्येकाला √६ ने भागलं आहे.

| घटक | सापेक्ष अनिश्चितता, टक्के | वर्ग |
|---|---|---|
| अल्कलीची सांद्रता | ०.०९८ | ०.००९६ |
| तीन रीडिंगमधला फरक | ०.१२२ | ०.०१४९ |
| ब्युरेटची मुभा | ०.१२३ | ०.०१५१ |
| १० मिलि पिपेट | ०.०८२ | ०.००६७ |
| २५ मिलि पिपेट | ०.०४९ | ०.००२४ |
| १०० मिलि फ्लास्क | ०.०४१ | ०.००१७ |

वर्गांची बेरीज ०.०५०४, वर्गमूळ ०.२२ टक्के. ४.०१६ चे ०.२२ टक्के म्हणजे ०.००९. मधल्या स्तंभातले आकडे नुसते बेरजेला घेतले असते तर ०.५२ टक्के आले असते, म्हणजे दुपटीहून जास्त.

हे ०.००९ म्हणजे एक प्रमाण विचलन. खरी किंमत त्याच्या पट्ट्यात असण्याची खात्री साधारण ६८ टक्केच. म्हणून अहवालात याची दुप्पट देतात. तिला विस्तारित अनिश्चितता म्हणतात, ‘के = २’ असा उल्लेख करतात, आणि खात्री साधारण ९५ टक्क्यांवर जाते. इथे ती ०.०१८ येते. खरं तर तीन रीडिंगवरून काढलेलं विचलन फारसं भरवशाचं नसतं. पण आपल्याकडे ते एकूण वर्गबेरजेच्या तिसऱ्या भागाहूनही कमी आहे, म्हणून २ चालतं. हाच घटक सगळ्यांवर भारी असता, तर तीन रीडिंगसाठी गुणक ४.३ पर्यंत गेला असता. तेव्हा रीडिंग वाढवणं हाच उपाय.

उत्तर लिहिताना

आधी अनिश्चितता गोल करायची, एका किंवा जास्तीत जास्त दोन सार्थक अंकांपर्यंत. मग उत्तर त्याच दशांशस्थानापर्यंत आणायचं. उलटा क्रम नाही.

अ‍ॅसिटिक आम्ल: (४.०१६ ± ०.०१८) ग्रॅम प्रति १०० मिलि, के = २

किंवा एकच अंक ठेवायचा असेल तर ४.०२ ± ०.०२. दोन्ही बरोबर. पहिलं मला जास्त आवडतं, कारण ०.०१८ चं ०.०२ करताना अनिश्चितता उगाच दहा टक्क्यांनी फुगते, आणि ०.०१४ असती तर एका अंकात ०.०१ होऊन चक्क एकचतुर्थांशाहून जास्त आटली असती. चूक आहे ती ४.०१६२ ± ०.०१८ किंवा ४.०२ ± ०.०१८ या लिहिण्यात. दोन्ही बाजूंचे दशांश जुळायलाच हवेत. ४.०२० आणि ४.०२ यांतही फरक आहे: शेवटचं शून्य लिहिलं म्हणजे तो अंक मोजला आहे असा दावा झाला.

मग ‘सगळ्यात कमी सार्थक अंक असलेल्या आकड्याएवढे अंक ठेवा’ हा शाळेतला नियम? अनिश्चितता दिलेलीच नसते तेव्हा तो कामचलाऊ आहे. पण तो अंक मोजतो, अनिश्चितता नाही. ९.९८ मिलि आणि १०.०२ मिलि ही दोन रीडिंग एकाच ब्युरेटची, सारख्याच अनिश्चिततेची. तरी या नियमाने पहिल्यामुळे उत्तराला तीन अंक मिळतात आणि दुसऱ्यामुळे चार. अनिश्चितता काढली असेल तेव्हा या नियमाला विचारायचं कारण उरत नाही.

तक्ता वाचायला शिका

तक्त्याचा खरा उपयोग पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळण्यात आहे. आपल्या तक्त्यात सगळ्यात जड दोन ओळी १६.६ मिलि या छोट्या आकारमानातून आल्या आहेत. २५ मिलि पिपेट आणखी महाग घेऊन काहीही मिळणार नाही. त्याचा वर्ग आधीच नगण्य आहे. त्याऐवजी १० मिलिच्या जागी २० मिलि व्हिनेगर १०० मिलिपर्यंत पातळ केलं, तर साधारण ३३ मिलि अल्कली लागेल. तेच ०.०२० मिलि आता दुप्पट आकारमानावर पडतील आणि दोन्ही ओळी ०.०६१ टक्क्यांवर येतील. २० मिलि पिपेटचेही (मुभा ±०.०३) ०.०६१ टक्केच. एकूण होतात ०.१६ टक्के, विस्तारित अनिश्चितता ०.०१३. काचेची प्रत तीच, वेळ तेवढाच. फक्त ५० मिलिच्या पुढे जाऊ नका; ब्युरेट मध्येच पुन्हा भरली की आणखी दोन वाचनं वाढतात.

आणखी एक बारकावा आहे. आपण ब्युरेट दोनदा मोजली: एकदा सांद्रतेत, एकदा व्हिनेगरमध्ये. ती एकच ब्युरेट असेल तर या चुका स्वतंत्र नाहीत. ब्युरेट प्रत्येक मिलिमागे थोडं जास्त सोडत असेल, तर प्रमाणीकरणात आकारमान खऱ्याहून कमी वाचलं जातं आणि सांद्रता जास्त भासते. व्हिनेगरच्या वेळी आकारमान पुन्हा कमी वाचलं जातं, आणि गुणाकारात दोन्ही एकमेकांना खोडतात. चूक पूर्णपणे प्रमाणात असेल तर ब्युरेटचे दोन्ही हिस्से गळतात आणि एकूण ०.१७ टक्के उरतात. खुणांची चूक इतकी शिस्तीत असतेच असं नाही, म्हणून स्वतंत्र धरलेले ०.२२ टक्के सुरक्षित बाजूचे समजावेत. पण दोन्ही कामांना एकच ब्युरेट, शून्यापासून सुरू करून वापरण्याला एवढं ठोस कारण आहे.

तापमानाचंही असंच. भारतात बनणारं काचसामान बहुधा २७ अंश सेल्सियसला अंशांकित असतं, बाहेरून आलेलं २० अंशांना; काचेवर छापलेलं असतं. प्रमाणीकरण आणि टायट्रेशन एकाच दिवशी, एकाच खोलीत केलं तर याचा बराचसा परिणाम आपोआप खोडला जातो. मात्र अल्कली डिसेंबरच्या सकाळी २४ अंशांना प्रमाणित केलं आणि तीच बाटली मेच्या दुपारी ३४ अंशांना वापरली, तर द्रावण साधारण ०.२९ टक्के प्रसरण पावलेलं असतं आणि सांद्रता तेवढीच उतरलेली असते. आपल्या सगळ्या तक्त्याच्या ०.२२ टक्क्यांहून हे एकटंच मोठं. शिवाय इतक्या महिन्यांत द्रावणाने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट केलेलं असतं, आणि फिनॉल्फ्थॅलिनपर्यंत कार्बोनेट अर्धंच काम करतं. हे अनिश्चिततेत मिळवून लपवायचं नाही. द्रावण पुन्हा प्रमाणित करायचं.

कारण तक्ता फक्त माहीत असलेल्या शंका मोजतो, चुका नाही. प्रत्येक वेळी गडद गुलाबी होईपर्यंत थेंब सोडले तर तीन रीडिंग सुंदर जुळतील, विचलन लहान येईल आणि उत्तर सातत्याने जास्त येईल. ब्युरेटच्या तोटीत अडकलेला बुडबुडा मध्येच सुटला किंवा २५ मिलि पिपेट नुसत्या पाण्याने धुऊन ओलीच वापरली, तरी तक्त्याला पत्ता लागत नाही. अशा वेळी मदत होते ती ज्याची सांद्रता माहीत आहे असा नमुना मधूनमधून चालवण्याची. त्याचं उत्तर ± पट्ट्याबाहेर पडत असेल तर आकडेमोड नाही, हात किंवा द्रावण तपासा.

आणि पट्टा लागतो तो निर्णयाच्या वेळी. एफएसएसएआयच्या नियमांनुसार सिंथेटिक व्हिनेगरमध्ये १०० मिलिमागे किमान ३.७५ ग्रॅम अ‍ॅसिटिक आम्ल हवं. आपला नमुना ४.०१६ ± ०.०१८ आहे, म्हणजे वाद नाही. दुसऱ्या एखाद्या नमुन्याचं उत्तर ३.७६ ± ०.०२ आलं, तर पट्टा ३.७४ पासून ३.७८ पर्यंत पसरतो आणि मर्यादा त्याच्या आत पडते. नुसता ३.७६ लिहिला असता तर नमुना पास झाला असता. ± सोबत लिहिलं तर लिहिणाऱ्याला कबूल करावं लागतं की या मोजमापाने पास-नापास ठरत नाही. २० मिलि घेऊन, रीडिंग वाढवून ते पुन्हा करावं लागेल.